स्टेटमेंटमध्ये चहा दिसेनासा झाला : यूपीआय लाईट आणि आमची हिशोबाची वही

गेल्या वर्षी घराच्या कर्जासाठी बँकेने सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं आणि मी ते डाउनलोड केलं तर पीडीएफ निघाली एक्केचाळीस पानांची. पगार महिन्यातून एकदा, ईएमआय दोन, लाईटबिल, आईबाबांना पाठवलेले पैसे, एवढंच काय ते बघण्यासारखं, बाकी सगळं दहा रुपये, वीस रुपये, बारा रुपये, पस्तीस रुपये. कंपनीच्या गेटवरचा चहा, वडापाव, रिक्षाचे सुटे, कोथिंबीर, झेरॉक्स. कर्जाच्या माणसाने पानं उलटत विचारलं की या मधल्या हजार-दीड हजाराच्या एंट्री कसल्या आहेत, आणि मला त्या गर्दीत माझ्याच एंट्री सापडेनात. तिथे बसून मी मोबाईलवर शोधत होतो आणि तो वाट बघत होता. त्या दिवशी ठरवलं की हे बारीक पेमेंट खात्यातून बाहेर काढायचे.

ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की अरे लाईट चालू कर ना. यूपीआय लाईट, म्हणजे यूपीआयच्या अॅपमधलंच आधी पैसे भरून ठेवायचं छोट्या पेमेंटचं पाकीट, हे नाव मी ऐकलेलं होतं, अॅप उघडलं की वर ती पट्टी यायचीच, पण कधी दाबली नव्हती. २०२२ च्या सप्टेंबरात हे सुरू झालं तेव्हा एका वेळी दोनशेच रुपये देता यायचे, मग पुढच्या वर्षी पाचशे झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती मर्यादा एका व्यवहाराला हजार आणि एकूण शिल्लक पाच हजार अशी केली. माझ्यासारख्याला हजार म्हणजे रोजचं जवळपास सगळं त्यात बसतं, किराणा सोडून.

चालू करायला दोन मिनिटं लागली. अॅपमध्ये लाईटवर गेलो, कुठल्या बँक खात्यातून पैसे घ्यायचे ते निवडलं, पहिल्यांदा किती भरायचे ते टाकलं (मी दोन हजार टाकले), आणि नेहमीचा यूपीआय पिन. बस. पिन लागतो तो फक्त या भरण्याच्या वेळी. त्यानंतर क्यूआर स्कॅन करून रक्कम टाकली की पिन न विचारता पैसे जातात. पहिल्यांदा चहावाल्याकडे असं झालं तेव्हा मी तसाच थांबून राहिलो पिनच्या पानाची वाट बघत, आणि त्याचा डबा बोलून मोकळा झाला, दस रुपये प्राप्त हुए.

आता पिन नाही म्हणजे फोन कुणाच्या हातात गेला तर हा धोका आहेच, म्हणून मी अॅपला बोटाचं लॉक लावलेलं आहे. आणि शिल्लक पाच हजारपर्यंत ठेवता येते म्हणून ठेवायची असं नाही, मी दोन हजाराच्या वर सहसा ठेवत नाही. या पैशावर व्याजही नाही, खिशातल्या पाकिटातल्या नोटांसारखेच ते.

पहिल्या महिन्यानंतर स्टेटमेंट काढलं तर खरंच चार पानांत आलं. चहा नाही, वडापाव नाही. फक्त मधूनमधून एक ओळ, दोन हजार नावे, आणि नॅरेशनमध्ये UPI, मग बारा आकडी नंबर, आणि पुढे UPI LITE. माझ्या बँकेत असं येतं, बायकोच्या बँकेत शब्द जरा वेगळे येतात, पण गोष्ट तीच, लाईटमध्ये भरलेली रक्कम एकच ठोक एंट्री म्हणून दिसते आणि पुढे ती कुठे कुठे गेली ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येतच नाही. मी खूश होतो.

पण बाबांचा फोन आला. आमचं एक खातं बाबांबरोबर जॉइंट आहे, साताऱ्याच्या शाखेत, आणि लाईट मी नेमकं त्याच खात्याला जोडलं होतं कारण यूपीआय पहिल्यापासून तिथलंच. बाबा दर महिन्याला शाखेत जाऊन पासबुक भरून आणतात आणि एकेक ओळ पेनाने टिक करतात. ते म्हणाले, "अरे हे दोन हजार, दोन हजार, पंधराशे कुणाला दिलेस तू? नाव नाही, गाव नाही." मी म्हटलं, "बाबा कुणाला नाही दिले, माझ्याकडेच आहेत, फोनमध्ये." ते काही त्यांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नाही त्या वेळी. आधी पासबुकात दहा रुपयाच्या चहाला सुद्धा चहावाल्याचं नाव यायचं, ते त्यांना कटकटीचं वाटत होतं पण निदान कळत तरी होतं. आता ओळ एक, आणि तिच्यामागे काय ते त्यांना दिसायची सोयच नाही.

म्हणून मी जरा नीट समजून घेतलं आणि पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा त्यांना कागदावर काढून दाखवलं. साधं यूपीआय करतो तेव्हा प्रत्येक वेळी आपल्या बँकेच्या मुख्य सिस्टीमला जावं लागतं, पिन तपासायचा, शिल्लक बघायची, खात्यातून कापायचे, एंट्री टाकायची. दहा रुपयाच्या चहाला पण हेच सगळं. लाईटमध्ये हे एकदाच होतं, भरताना. दोन हजार बचत खात्यातून निघून बँकेकडेच लाईटच्या नावाने बाजूला पडतात, आणि किती उरले याची नोंद माझ्या फोनमध्ये सुरक्षित ठेवलेली असते. मी चहाचे दहा दिले की फोनमधली शिल्लक दहाने कमी होते, माझ्या बचत खात्याला त्या वेळी कुणी हातच लावत नाही. म्हणून पासबुकात ओळ पडत नाही. समोरच्याच्या खात्यात मात्र नेहमीसारखे दहा रुपये जमा होतात आणि त्याच्या स्टेटमेंटमध्ये नेहमीसारखी ओळ येते. बाबा म्हणाले, "म्हणजे त्याच्या पासबुकात आहे आणि माझ्या नाही." तसंच आहे ते.

त्यांचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. म्हणाले, "मग पासबुकातली शेवटची शिल्लक आहे ती पूर्ण नाही ना?" नाहीच. लाईटमध्ये बाराशे पडलेले असतील तर ते पासबुकातल्या शिल्लकेत नाहीत, खात्यातून ते गेलेले आहेत. ज्या खात्यात कमीत कमी शिल्लक ठेवावी लागते तिथे हे लक्षात ठेवायला पाहिजे, काठावर खातं असेल तर दोन हजार लाईटमध्ये टाकून आपण खाली घसरू शकतो. आमचं तसं नव्हतं पण मी लाईट त्या जॉइंट खात्यावरून काढून माझ्या पगाराच्या खात्याला जोडलं. एका अॅपमध्ये एकच लाईट खातं चालतं, त्यामुळे आधीचं बंद करावं लागलं, बंद केलं की उरलेले पैसे लगेच बाबांच्या त्या खात्यात परत जमा झाले आणि त्यांची सुद्धा एक ओळ पडली, या वेळी जमा बाजूला. बाबांनी ती टिक केली आणि त्यांचा विषय संपला.

आता ऑफलाइन या शब्दाबद्दल, कारण मी स्वतः यात फसलो. सगळीकडे लाईटला ऑफलाइन म्हणतात, छोट्या ऑफलाइन पेमेंटच्या नियमाखालीच ते येतं, आणि मला वाटलं की नेटवर्क नसलं तरी चालणार. मे महिन्यात वरंध घाटातून येताना एका टपरीवर थांबलो, चार चहा आणि दोन प्लेट कांदाभजी, एकशे साठ रुपये, आणि मी बायकोला मोठ्या विश्वासाने म्हटलं की लाईटमध्ये आहेत ना, रेंजची काय गरज. स्कॅन केलं, रक्कम टाकली आणि गोल गोल फिरत राहिलं. खिशात नोटा होत्या म्हणून बरं. तर साध्या लाईटमध्ये ऑफलाइन असतं ते फक्त आपल्या खात्यातून कापणं, म्हणजे बँकेच्या मुख्य सिस्टीमला न विचारता फोनमधल्या शिल्लकेतून वजा होणं. समोरच्याला जमा करायला निरोप पुढे जावाच लागतो आणि त्याला नेट लागतंच. नेट अजिबात नसताना चालतं ते वेगळं, लाईट एक्स, ते २०२३ मध्ये आलं, त्यात दोन फोन एकमेकांना टेकवायचे असतात आणि दोन्ही फोनमध्ये एनएफसी नावाची चिप पाहिजे आणि दोन्हीकडच्या अॅपमध्ये ती सोय पाहिजे. माझ्या फोनमध्ये एनएफसी नाही, त्यामुळे ते मी करून बघितलेलं नाही. आणि त्या टपरीवरच्या मावशींकडे तर छापील क्यूआरचा कागद होता भिंतीला चिकटवलेला, त्याला फोन टेकवून काय होणार.

पण या अर्ध्या ऑफलाइनचा एक मोठा फायदा मला अनुभवाने कळला. माझी बँक कधीकधी रात्री सिस्टीमचं काम काढते, मेसेज येतो की अमुक ते अमुक वेळेत सेवा बंद, आणि साधं यूपीआय त्या वेळी फेल जातं. एकदा रात्री साडेबाराला स्टेशनवर उतरून रिक्षा केली, पोचल्यावर एकशे तीस रुपये द्यायला गेलो तर बँकेकडून उत्तर नाही म्हणून दोनदा फेल. मग आठवलं, खाली लाईट निवडलं, एका झटक्यात गेले. बँक झोपलेली होती पण पैसे आधीच बाहेर काढून ठेवलेले होते ना. तेव्हापासून प्रवासाला निघताना लाईटमध्ये हजारभर आहेत का ते बघून निघतो, आणि बघायचं ते घरून निघतानाच, कारण संपल्यावर भरायला बँकच लागते आणि ती बंद असली तर भरताही येत नाही.

आता मुख्य गोष्ट, हिशोब. आम्ही नवराबायको घरखर्चाची वही लिहितो, तिची सवय जास्त पक्की आहे, ती रोज रात्री लिहिते आणि मला विचारून माझं पण लिहिते. महिनाअखेरीला मी स्टेटमेंट घेऊन वहीशी जुळवायचो. लाईटच्या आधी हे जुळायचं, कंटाळा यायचा पण जुळायचं, कारण प्रत्येक दहा रुपयाची ओळ होती. लाईट आल्यावर पहिले दोन महिने मी भरलेली रक्कम म्हणजेच खर्च असं धरून चाललो आणि काहीच जुळेना.

जुलै २०२५ चा महिना मी बसून पूर्ण सोडवला तो सांगतो. स्टेटमेंटमध्ये लाईटच्या तीन ओळी होत्या, ३ तारखेला दोन हजार, १२ ला दोन हजार आणि २३ ला पंधराशे, म्हणजे साडेपाच हजार. वहीत माझ्या किरकोळ खर्चाची बेरीज होती ५२४५. फरक दोनशे पंचावन्न. बायको म्हणाली, "तुम्ही सांगायचं विसरला असाल काहीतरी", आणि मी म्हणत होतो तू लिहायची विसरलीस, आणि अर्धा तास आम्ही आठवत बसलो की दोनशे पंचावन्नचं काय आणलं होतं.

मग लक्षात आलं की भरलेले सगळे खर्च झालेलेच नाहीत. भरणं म्हणजे पाकिटात नोटा घालणं, खर्च नाही. महिना सुरू झाला तेव्हा लाईटमध्ये ३४० होते (हे मला कळलं कारण १ तारखेला सकाळी मी स्क्रीनशॉट काढलेला होता, नशिबाने) आणि ३१ ला रात्री ४१५ होते. म्हणजे सुरुवातीचे ३४० अधिक भरलेले ५५००, झाले ५८४०, त्यातून उरलेले ४१५ वजा, म्हणजे लाईटमधून खरंच बाहेर गेले ५४२५. फरक आता दोनशे पंचावन्नवरून एकशे ऐंशीवर आला.

मग अॅपमधली लाईटची यादी काढली. तीच आता खरी वही आहे, बँकेचं स्टेटमेंट नाही. त्यात नावं आहेत, वेळ आहे, बारा आकडी नंबर आहे. शहाण्णव व्यवहार होते त्या महिन्यात, म्हणजे आधीच्या पद्धतीने स्टेटमेंटमध्ये शहाण्णव ओळी पडल्या असत्या त्या तीन ओळींत बसल्या. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, दोनदा केली, ५४२५ आली. म्हणजे अॅप आणि शिल्लक एकमेकांशी जुळतात, वहीच एकशे ऐंशीने कमी आहे.

यादीत एकशे ऐंशीची एकच ओळ होती, १५ तारीख, औषधाचं दुकान, यशस्वी. आणि ते वाचल्याबरोबर आठवलं. आईच्या गोळ्यांची स्ट्रिप सांगितली होती, पैसे दिले, आणि मग तो म्हणाला की ती कंपनी नाहीये माझ्याकडे, संपलीय, आणि त्याने त्याच्या दुकानाच्या अॅपमधून रिफंड टाकला. मी तिथेच उभं राहून लाईटची शिल्लक बघितली तर वाढलेली नव्हती, मी म्हटलं आले नाहीत अजून, तो म्हणाला येतील, आणि मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की औषध मिळालं नाही, पैसे परत केले त्याने. तिने बरोबर वहीत लिहिलंच नाही. वही बरोबर होती!

मग ते पैसे गेले कुठे? बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. १६ तारखेला जमा बाजूला एकशे ऐंशी, एकटेच, दुकानाच्या नावाने. लाईटमधून दिलेल्या पैशाचा रिफंड लाईटमध्ये परत येत नाही, तो सरळ बँक खात्यात जातो. लाईटमध्ये आत येण्याचा रस्ता एकच, आपण स्वतः खात्यातून भरायचे. बाहेरून कुणी काही दिलं, रिफंड असो की मित्राने परत केलेले चहाचे पैसे, ते बचत खात्यातच जमा होतात. त्यामुळे स्टेटमेंट वाचणाऱ्याला दिसतं असं की औषधाच्या दुकानाने मला एकशे ऐंशी दिले, कशाबद्दल ते माहीत नाही, कारण मी दिले होते त्याची ओळ तिथे नाहीच. नावे ओळ फोनमध्ये आणि जमा ओळ बँकेत. आणि अॅपच्या यादीत ती मूळ ओळ अजून यशस्वी अशीच आहे. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय हे कधीच कळत नाही, आणि मी आधीच्या दोन महिन्यांत असेच रिफंड उत्पन्न समजून इतर जमा या रकान्यात टाकले होते, ते नंतर खोडले.

हे सगळं मी इतक्या बारकाईने सांगतोय कारण माझा एक मित्र घरून डिझाइनची कामं करतो, त्याचा सगळा जमाखर्च एकाच खात्यात, आणि वर्षाच्या शेवटी तो सीएला फक्त बँकेचं स्टेटमेंट देतो. तो लाईटमधून प्रिंटिंगचे, कुरिअरचे, रिक्षाचे पैसे देतो. सीएने विचारलं की या लाईटच्या ओळी घरखर्चाच्या धरू का, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. स्टेटमेंटवरून कुरिअरचा खर्च सिद्धच होत नाही. माझं स्पष्ट मत असं झालंय की ज्या खर्चाचा पुरावा पुढे कुणालातरी दाखवावा लागेल, शाळेची किरकोळ फी, सोसायटीचं काही, धंद्याचा खर्च, तो पन्नास रुपयाचा असला तरी साध्या यूपीआयने द्यावा. पैसे देताना खाली लाईट आपोआप निवडलेलं असतं, ते बदलून बँक खातं निवडायचं, एवढंच. लाईट चहा-भाजी-रिक्षासाठी.

ऑगस्टमध्ये आणखी एक झालं. भाजीबाजारात एका ताईंना दोनशे चाळीस दिले लाईटमधून, माझ्याकडे यशस्वी, त्यांचा डबा बोलला नाही, त्यांच्या मोबाईलवर पण मेसेज नाही. गर्दी होती, त्या म्हणाल्या, "दादा, माझ्याकडे आले नाहीत तर मी माल कसा देऊ", आणि त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. मी रोख दोनशे चाळीस दिले, आणि त्या ओळखीच्या म्हणून सांगून आलो की जमा झाले तर सांगा. दुसऱ्या दिवशी कामासाठी बँकेत गेलोच होतो तर काउंटरवर तो बारा आकडी नंबर दाखवला. त्यांनी माझं खातं उघडलं आणि सांगितलं की या नंबरची एंट्रीच नाहीये, तुमच्या खात्यातून पैसे गेलेलेच नाहीत. मी म्हटलं लाईटमधून गेलेत. ते पुन्हा म्हणाले, खात्यात नाही. पाच मिनिटं आम्ही दोघं आपापल्या जागी बरोबर बोलत होतो आणि काही निष्पन्न होत नव्हतं. बचत खात्याच्या पडद्यावर ते दिसणारच नाही हे मला आता कळतं, त्या दिवशी मी जरा आवाज चढवला त्याचं वाईट वाटतं.

अशा वेळी तक्रार करायची ती अॅपमधून. त्या व्यवहाराच्या ओळीवर टॅप करायचं आणि मदत किंवा तक्रार जे असेल ते निवडायचं, म्हणजे तो नंबर बरोबर त्या तक्रारीला जोडला जातो. मी बँकेच्या बाहेर येऊन तेच केलं. आणि दुसरी, जास्त कामाची गोष्ट म्हणजे समोरच्याचं स्टेटमेंट. आपल्याकडे ओळ नाही पण त्याच्याकडे असायला पाहिजे, तोच नंबर घेऊन. संध्याकाळी मी बाजारात गेलो, ताईंच्या मुलाने त्यांच्या खात्याची यादी उघडली, नंबरचे शेवटचे चार आकडे जुळवले, आणि जमा सापडली, रात्री उशिरा झालेली. त्यांनी लगेच रोख परत दिले आणि वर मिरच्या घातल्या मूठभर. तक्रार मी मग मागे घेतली.

आमच्या बँकेकडून दिवसअखेरीला लाईटचा एक एकत्रित मेसेज येतो, प्रत्येक चहाला वेगळा मेसेज येत नाही. सुरुवातीला मला हे बरं वाटलं, पण माझ्या आईसारख्या माणसांना प्रत्येक व्यवहाराचा मेसेज हा मोठा आधार असतो, पैसे गेले की फोन वाजतो. आईच्या फोनवर मी म्हणून लाईट चालू केलं नाही. तिला पिन टाकायची सवय आहे, पिन टाकला म्हणजे पैसे दिले हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते मोडायचं काही कारण नाही.

आपोआप भरण्याची पण सोय असते, शिल्लक ठराविक रकमेच्या खाली गेली की खात्यातून परत तेवढे येतात, पिन न मागता. मी ते आठ दिवस चालू ठेवलं आणि बंद केलं. कारण मग स्टेटमेंटमध्ये कुठल्याही वेळी हजाराची ओळ पडते, आणि मी भरले की त्याने भरले हे आठवत नाही. स्वतः भरलं की लक्षात राहतं की या आठवड्यात दुसऱ्यांदा भरतोय, जरा जास्तच चाललंय.

ऑक्टोबरमध्ये फोन बदलला. लाईटची शिल्लक फोनशी बांधलेली असते, नवीन फोनमध्ये तेच अॅप टाकलं म्हणून ती आपोआप तिथे उगवेल असं धरून चालू नये. म्हणून जुन्या फोनवर आधी लाईट बंद केलं, ६१२ रुपये होते ते खात्यात परत आले, त्याची जमा ओळ स्टेटमेंटमध्ये बघितली आणि मगच अॅप काढलं. पूर्ण बंद न करता नुसते पैसे खात्यात परत पाठवायचा पर्याय पण आता अॅपमध्ये आलाय, तो मी महिनाअखेरीला एकदा वापरून बघितला, शून्यावर आणून नवीन महिना सुरू केला की सुरुवातीच्या शिल्लकेची भानगडच राहत नाही. पण मग १ तारखेला सकाळी चहाच्या टपरीवर उभं राहून भरत बसावं लागतं, म्हणून ते सोडून दिलं.

आणि जुना फोन देऊन टाकण्याआधी जानेवारीपासूनची लाईटची यादी महिन्यामहिन्याने स्क्रीनशॉट काढून ठेवली, कारण माझ्या हिशोबाला तेवढा एकच तपशील आहे. बँकेकडे मी पाच वर्षांनी पण स्टेटमेंट मागू शकतो, पण त्यात फक्त UPI LITE दोन हजार असं येणार, त्या दोन हजाराचं काय झालं ते त्यात असणार नाही.

आता आमची पद्धत अशी झालीय. १ तारखेला सकाळी मी लाईटची शिल्लक बायकोला सांगतो, ती वहीच्या पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात लिहिते. स्टेटमेंटमधल्या लाईटच्या ओळींना मी पेन्सिलने गोल करतो, आणि जमा बाजूला दुकानाच्या नावाने काही आलं असेल तर त्याच्या शेजारी ती वहीतली तारीख लिहिते, ज्या दिवशी पैसे दिले होते ती. गेल्या महिन्यात अकरा रुपयाचा फरक आला होता आणि ते दहा आणि एक असे दोन वेगळ्या दिवशीचे निघाले, दहा पार्किंगचे, आणि एक रुपया मी नवीन क्यूआर चालतो का बघायला एका दुकानदाराला टाकला होता.